एकट्या राहणाऱ्या पालकांचा फोन आणि बँक खातं: दोन दिवसांत काय काय लावून यावं?

कोपऱ्यातला कंदील

आई ७४ वर्षांची, एकटी राहते. फोन अँड्रॉइड, तीनेक वर्षं जुना. व्हॉट्सॲप दिवसभर चालू असतं. बँकेचं ॲप ती स्वतः वापरते, बिलं स्वतः भरते, आणि तिला ते आवडतं. बचत मात्र सगळी एकाच बँकेत आहे. खातं आणि ठेवी दोन्ही त्याच ॲपमध्ये दिसतात. "तुमचं सिम बंद होणार आहे", "खातं गोठवलं जाईल" असे कॉल तिला आठवड्यातून दोन-तीनदा येतात.

पुढचे शनिवार-रविवार मी तिच्याकडे आहे. त्या दोन दिवसांत काय लावून यावं आणि कोणत्या क्रमाने, ते हवंय. दुसरं म्हणजे, स्मार्टफोन काढून घेऊन साधा बटणांचा फोन द्यावा का? "ओटीपी कुणाला देऊ नका" हे सांगून झालंय, तिला तोंडपाठ आहे. कृपया त्याच्या पुढचं सांगा.

भटकी_नाव

गूगलचं फॅमिली लिंक टाका. कोणतं ॲप घ्यायचं, किती वेळ वापरायचं, सगळं तुमच्या फोनवरून ठरवता येतं. गेमची खरेदीही बंद होते. आमच्याकडे दोन्ही मुलांच्या फोनवर आहे.

शेवटचा बाक

भटकी_नाव, इथे पालकांनी मुलांना नाही, मुलाने पालकांना वाचवायचंय. :) फॅमिली लिंक मुलांच्या खात्यांसाठी आहे. ७४ वर्षांच्या बाईंच्या खात्याला ते लागायचं नाही.

भटकी_नाव

अरेच्चा, शीर्षकात "पालक" वाचलं आणि सुटलोच. राहू द्या.

मोरपीस

मी सांगते सोपा उपाय. त्यांच्या फोनवर AnyDesk किंवा TeamViewer टाकून ठेवा. काही अडलं की तुम्ही इथून त्यांचा स्क्रीन बघून सगळं करून देऊ शकता. शंका आली की त्या तुम्हाला फोन करतील, तुम्ही आत जाऊन बघाल. आणि एक चांगलं अँटिव्हायरस.

तारयंत्र

मोरपीस, हेतू चांगला आहे पण हे नका करू. ती ॲप्स स्वतः वाईट नाहीत. पण फसवणारा माणूस नेमकं हेच ॲप टाकायला सांगतो, आणि ज्या आईला "मुलाने नऊ आकडे विचारले, मी सांगितले, मग स्क्रीन आपोआप हलला" याची सवय झालेली असते, तिला परक्या माणसाने तेच विचारलं तर त्यात वावगं काही वाटत नाही. आपणच तिची तालीम करून घेतलेली असते. दुरून मदत करायची तर तिला दुसऱ्या फोनवरून किंवा टॅबवरून व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि त्याच्या कॅमेऱ्यासमोर अडलेला फोन धरायला सांगा. अडचणीचं आहे, पण तेच बरं.

कंदील, तुमच्या प्रश्नाचं उत्तर जरा लांब आहे. आधी त्या कॉलमध्ये नक्की काय होतं ते पायरी-पायरीने बघू, म्हणजे कुठे कुलूप लावायचं ते कळेल.

"सिम बंद होणार" वाला माणूस ओटीपी मागतच नाही. म्हणूनच "ओटीपी देऊ नका" पाठ असलेली माणसंही फसतात. तो म्हणतो, फॉर्म पाठवतोय, उघडा. व्हॉट्सॲपवर एक फाइल येते, तिच्या नावाच्या शेवटी `.apk` असतं. आईने त्यावर बोट ठेवलं की फोन विचारतो, या ठिकाणाहून आलेलं ॲप टाकू देऊ का? कॉलवरचा माणूस म्हणतो, सेटिंगमध्ये जा, ते बटण चालू करा. ॲप बसतं. मग ते दोन परवानग्या मागतं. पहिली एसएमएस वाचायची. ती मिळाली की ओटीपी आईने सांगायची गरजच उरत नाही, तो परस्पर जातो, आणि बँकेचा संदेश तिला दिसण्याआधी दडवलाही जाऊ शकतो. दुसरी परवानगी `Accessibility` ची. ही खरं तर दृष्टी कमी असलेल्यांसाठी केलेली सोय आहे. पण ती मिळालेलं ॲप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि आपल्या वतीने बटणं दाबू शकतं. शेवटी स्क्रीनवर "अपडेट चालू आहे, फोनला हात लावू नका" असं काहीतरी येतं, आणि त्या पडद्यामागे बँकेचं ॲप उघडून काम उरकलं जातं. आई बिचारी चक्र फिरताना बघत बसते.

आता कुलपं. पहिलं म्हणजे `Settings` मध्ये वरच्या शोधपट्टीत `Install unknown apps` असं टाइप करा. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये मेनू वेगळ्या जागी असतो, शोधत बसू नका. तिथे ॲप्सची यादी येते. WhatsApp, Chrome, Files, Gmail, टेलिग्राम असल्यास तेही, सगळ्यांसमोर `Not allowed` दिसायला हवं. फोन कुणी कधी "दुरुस्त" करून दिला असेल तर यातलं एखादं चालू सापडतं.

पण हे बटण कॉलवरचा माणूस तिच्याकडूनच पुन्हा चालू करून घेतो, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. फोन सॅमसंगचा असेल तर `Auto Blocker` शोधा आणि चालू करा. अँड्रॉइड १६ असेल तर `Advanced Protection` आहे. दोन्ही बाहेरून आलेलं ॲप बसूच देत नाहीत. ती बंद करता येतात, पण त्यासाठी आणखी एका वेगळ्या ठिकाणी जावं लागतं, आणि कॉलवरच्या माणसाला समोर कोणता फोन आहे ते दिसत नसतं. जितकी पावलं जास्त, तितका तो अडखळतो आणि आईला "हे काय चाललंय" असं वाटायला वेळ मिळतो. तीन वर्षं जुन्या फोनवर हे दोन्ही नसेल, तर Play Store मध्ये आपल्या चित्रावर बोट ठेवून `Play Protect` उघडा, त्याच्या सेटिंगमध्ये दोन्ही बटणं चालू करा. अँटिव्हायरसचे पैसे मी तरी घालणार नाही. सगळे दरवाजे आईकडूनच उघडून घेतले जातात, तिथे पहारेकरी काय करणार?

दुसरं, आधीच काही बसलेलं आहे का ते बघा. `Accessibility` उघडून त्यात `Downloaded apps` किंवा `Installed apps` असा भाग बघा. मग परवानग्यांच्या यादीत एसएमएस कुणाकुणाला दिलाय ते. मग `Device admin apps`. तिथे बसलेलं ॲप साध्या पद्धतीने काढता येत नाही, आधी तिथली खूण काढावी लागते.

शेवटचा बाक

यात एक भर. Accessibility च्या यादीत काही दिसलं की लगेच बंद करू नका. अक्षर मोठं करणारं किंवा श्रवणयंत्राचं ॲप तिथे असू शकतं. आधी आईंना विचारा. नाहीतर तुम्ही परत गेल्यावर त्यांना ऐकू येईना झालं म्हणून त्या शेजारच्या पोराकडे फोन देतील, आणि तो सगळीच बटणं पुन्हा चालू करून देईल.

मोरपीस

रिमोटचं मान्य, माघार. पण कॉल फॉरवर्डिंगचं कुणीच बोललं नाही! डायलरवर `*#21#` लावून बघा, आणि `*#62#` सुद्धा. मी आत्ता लावलं, `*#62#` ला एक अनोळखी नंबर दाखवतोय! म्हणजे माझा फोन हॅक झालाय ना? `##002#` करून टाकलं. सगळ्यांनी करा.

तारयंत्र

थांबा, थांबा. `*#21#` म्हणजे सगळेच कॉल दुसरीकडे वळवलेत का, ते. तिथे नंबर दिसला आणि तो तुम्ही लावलेला नसेल तर गडबड आहे. `*#62#` म्हणजे फोन बंद किंवा रेंजबाहेर असताना कॉल कुठे जातो, ते. तिथे पुष्कळदा कंपनीच्याच व्हॉइसमेलचा नंबर असतो, कुणीही न लावता. `##002#` ने सगळीच वळणं निघतात, त्यामुळे तुमचा व्हॉइसमेल आता बहुधा बंद झाला असेल. तो वापरत नसाल तर काही बिघडलं नाही. वापरत असाल तर कंपनीला सांगून परत लावून घ्या.

मुद्दा मात्र खरा आहे. कुरियरवाला किंवा "कंपनीचा माणूस" बनून आईला असं काहीतरी डायल करायला सांगतात:

```
**21*<त्यांचा नंबर>#
```

त्यानंतर आईचे कॉल त्यांच्याकडे जातात. एसएमएस वळत नाहीत, पण व्हॉट्सॲपचा कोड एसएमएसऐवजी कॉलवरही मागवता येतो, आणि तो कॉल त्यांच्या हातात पडतो. झालं, आईच्या नावाने सगळ्या नातेवाइकांकडे पैशांची मागणी सुरू. यावर उपाय व्हॉट्सॲपमध्येच आहे: `Settings`, `Account`, `Two-step verification`. सहा आकडी पिन लावा आणि ईमेलही द्या. ईमेल दिला नाही आणि आई पिन विसरली, तर नव्या फोनवर खातं सुरू करायला सात दिवस थांबावं लागतं. पिन तुमच्याकडेही लिहून ठेवा. त्याच भेटीत `Linked devices` उघडून अनोळखी संगणक जोडलेला नाही ना ते बघा, आणि `Privacy` मध्ये `Groups` ला `My contacts` करा. गुंतवणुकीच्या बनावट ग्रुपमध्ये परस्पर ओढलं जाणं त्याने बंद होतं.

मोरपीस

हुश्श. व्हॉइसमेल वापरतच नाही मी.

कोपऱ्यातला कंदील

तारयंत्र, फार उपयोगी. बँकेच्या बाजूचं कुणी सांगेल का? मी विचार केला होता की ॲपमध्ये रोजची मर्यादा कमी करून ठेवावी.

शेवटचा बाक

मर्यादा लावाच, पण आधी एक करून बघा. ती वाढवायला काय लागतं? स्वतः वाढवून बघा. त्याच ॲपमध्ये, त्याच फोनवर आलेल्या ओटीपीने लगेच वाढत असेल, तर वर तारयंत्र यांनी सांगितलेल्या प्रसंगात ती मर्यादा अर्ध्या मिनिटाची. फोन ज्याच्या ताब्यात, मर्यादा त्याच्या ताब्यात. वाढवायला शाखेत जावं लागत असेल किंवा वाढ दुसऱ्या दिवशी लागू होत असेल, तर ती खरी मर्यादा. बँकेला नेमका हाच प्रश्न विचारा.

माझ्या मते खरी मर्यादा एकच, खात्यातली शिल्लक. म्हणून दोन खाती करा. एक खर्चाचं: ॲप, कार्ड, बिलं सगळं त्यावर, आणि त्यात साधारण दोन महिन्यांचा खर्च, त्याहून जास्त कधीच नाही. दुसरं साठ्याचं: त्याला ॲप नाही, कार्ड नाही, नेटबँकिंग नाही. साठ्याच्या खात्यातून खर्चाच्या खात्यात महिन्याला ठरावीक रक्कम आपोआप जाईल अशी कायमची सूचना बँकेला लेखी द्यायची. आईंच्या रोजच्या वापरात काहीच बदलत नाही, म्हणून हे टिकतं.

इथे लोक एक चूक करतात, ती म्हणजे दोन्ही खाती एकाच बँकेत उघडतात. ग्राहक क्रमांक एकच असल्यामुळे दोन्ही खाती त्याच ॲपमध्ये शेजारी-शेजारी दिसतात, आणि केलेली मेहनत वाया जाते. साठा दुसऱ्या बँकेत ठेवा.

ठेवींचंही तसंच. तुम्हाला वाटतं ठेव म्हणजे पैसे अडकलेले, पण बऱ्याच ॲपमध्ये ती मुदतीआधी दोन बटणांत मोडते. त्याहून वाईट म्हणजे ठेवीवर लगेच कर्ज उचलता येतं. ठेव जागच्या जागी दिसत राहते, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि कर्जाची रक्कम गेलेली असते. शाखेत जाऊन विचारा की या दोन्ही गोष्टी ऑनलाइन बंद करता येतात का. काही ठिकाणी करतात, काही ठिकाणी "अशी सोयच नाही" म्हणतात. नसेल तर ठेव मुदत संपल्यावर साठ्याच्या बँकेत न्या. आज घाईने मोडून व्याज घालवायची गरज नाही.

आणि व्यवहाराची सूचना दोन ठिकाणी जायला हवी. आईंच्या फोनवरचा एसएमएस चोरणारं ॲप दडवू शकतं, तुमच्या ईमेलवर गेलेली सूचना नाही. शाखेत एका अर्जावर होतं. अर्थात आईंना विचारून. त्यांनी काय खरेदी केलं ते तुम्हाला दिसणार, हे त्यांना आधी माहीत हवं. नाहीतर पहिल्याच "हे कशाला घेतलंस?" ला त्या ती सूचना बंद करतील, आणि बरोबरच करतील.

अनुराधा_

धाग्यात जरा घुसते. माझ्या सासऱ्यांकडे आयफोन आहे आणि घरात जुना लँडलाइनही. ते म्हणतात, आयफोनला काही होत नाही. वरचं सगळं त्यांना लागू आहे का? आणि त्यांना कॉल जास्त लँडलाइनवरच येतात, "बँकेतून बोलतोय, खात्री करायची तर कार्डामागच्या नंबरवर फोन करा" असे. मग ते खरेच असतील ना?

तारयंत्र

बाहेरून आलेलं ॲप टाकणं आयफोनवर बरंच अवघड आहे, तेवढं त्यांचं खरं. पण व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करता येतो, तिथे आलेला ओटीपी समोरच्याला दिसतो, आणि त्याला आयफोन काय करणार? `Settings`, `General`, `VPN & Device Management` इथे काही अनोळखी दिसतं का, एवढं बघा.

लँडलाइनचं मात्र फसवं आहे. जुन्या पद्धतीच्या लाइनवर ज्याने कॉल केला त्याने फोन ठेवेपर्यंत कॉल तुटत नाही, असं काही ठिकाणी अजून होतं. सासरे रिसीव्हर ठेवतात, उचलतात, कार्डामागचा नंबर फिरवतात. पलीकडे तोच माणूस बसलेला असतो. डायल टोनचा आवाजही तोच लावतो. मग दुसरी कुणी "नमस्कार, बँकेतून बोलतेय" म्हणते. म्हणून खात्रीचा कॉल दुसऱ्या फोनवरून करायचा. दुसरा फोन नसेल तर आधी ओळखीच्या कुणाला तरी लावायचा. ओळखीचा आवाज आला की लाइन सुटली असं समजायचं.

आणि आलेल्या कॉलवर बँकेचा नंबर किंवा नाव दिसलं, याला काडीचीही किंमत देऊ नका. दिसणारा नंबर खोटा करता येतो. तसाच शोधून सापडलेला "ग्राहक सेवा" नंबर. नकाशांवर आणि शोधात बनावट नंबर पेरलेले असतात. कार्डामागचा नंबर आत्ताच त्यांच्या फोनमध्ये बँकेच्या नावाने साठवून द्या.

कोपऱ्यातला कंदील

आणि आईला काय सांगू? दहा नियम ती पाळणार नाही. खरं तर मीही पाळणार नाही.

तारयंत्र

एकच. फोन चालू असताना फोनमध्ये बोट नाही. म्हणजे कुणाशीही बोलणं चालू असताना सेटिंग, बँक, व्हॉट्सॲपची फाइल, डायलरवरचे आकडे, कशालाही हात लावायचा नाही. समोरचा माणूस खरा की खोटा हे तिला ओळखावंच लागत नाही, आणि म्हणूनच हा नियम चालतो. "ओळखा" म्हटलं की हुशारीची परीक्षा होते, आणि पलीकडचा माणूस दिवसाला शंभर परीक्षा घेतो. वर सांगितलेला एपीकेचा डाव, `**21*` चा डाव, स्क्रीन शेअर, तिन्हीला आईचं बोट लागतं, तेही कॉल चालू असताना.

अडचण वेगळीच येते. त्या पिढीला समोरचा बोलत असताना फोन ठेवणं उद्धटपणाचं वाटतं. त्यांना वाक्य द्यावं लागतं. फोनच्या जागेपाशी एक पोस्टकार्डाएवढा कागद चिकटवा, जाड पेनने: "मी आत्ता काही करत नाही. मुलाला विचारून उद्या कळवते. ठेवते." खाली तुमचा नंबर, त्याखाली बँकेचा, त्याखाली तुमच्याकडचा सायबर तक्रारीचा. बाकी काही लिहू नका, अक्षर बारीक करावं लागतं. "उद्या" हा शब्द ठेवाच. खऱ्या बँकेचं उद्याने काही अडत नाही. खोटा माणूस मात्र त्या शब्दावर चिडतो, आणि चिडला की आईलाच कळतं.

शनिवारी हे वाक्य तिच्याकडून तीन वेळा फोनवर म्हणवून घ्या. तुम्ही आतल्या खोलीतून कॉल करा, रडवेले व्हा, ओरडा. एकदा "आई, माझा अपघात झालाय" असंही करा, कारण आवाजाची नक्कल आता सोपी झाली आहे. तिथेही उत्तर तेच: ठेवायचं आणि फोनमध्ये साठवलेल्या नंबरवर उलट कॉल करायचा.

शेवटचा बाक

अपघाताची तालीम मला पटत नाही. ७४ वर्षांच्या आईला खोटा हुंदका ऐकवायचा? सांगून करा फार तर. परवलीचा शब्द ठरवा, तेवढं पुरे.

तारयंत्र

सांगून करा, मान्य. परवलीचा शब्द मला पुरेसा वाटत नाही. घाबरलेला माणूस तो विचारायलाच विसरतो. उलट कॉल करायला आठवावं काही लागत नाही.

नियम कुठे तोकडा पडतो तेही सांगतो. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला "अधिकारी" तासन् तास बसवून ठेवतो, कॅमेऱ्यासमोरून उठू देत नाही, आणि मग आईला स्वतःच्या पायाने बँकेत पाठवतो. "चौकशी गुप्त आहे, मुलालाही सांगू नका." तिथे बोटाचा नियम काही करत नाही. तिथे शेवटचा बाक यांचं साठ्याचं खातंच कामाला येतं, कारण ते पैसे काढायला वेळ लागतो. शाखेतल्या माणसाशी तुमची ओळख असेल आणि "मोठी रक्कम काढायला आली तर मला एक फोन करा" असं आईसमोरच सांगितलेलं असेल, तर आणखी बरं. बँक ते करायला बांधील नाही, पण माणसं करतात.

मोरपीस

अनोळखी कॉल सरळ बंदच केले तर? फोनमध्ये ती सोय आहे ना. व्हॉट्सॲपमध्येही `Silence unknown callers` आहे.

अनुराधा_

सासऱ्यांच्या दवाखान्याचा कॉल दर वेळी वेगळ्या नंबरवरून येतो. तो बुडाला तर?

शेवटचा बाक

व्हॉट्सॲपमधलं डोळे झाकून चालू करा. तिथे अनोळखी माणसाचं काही काम नसतं, आणि गणवेशवाले सहसा तिथूनच येतात. फक्त ते व्हॉट्सॲपच्या कॉलपुरतंच आहे, साध्या कॉलला लागू नाही.

साध्या कॉलचं मी ठाम सांगणार नाही. बंद केले तर दवाखाना, घरपोच सामान, शेजाऱ्यांचा नवा नंबर सगळं जातं. मग आई चिडून ते काढून टाकते. चुकलेले कॉल ती उलट लावत बसली तर आणखी वाईट. एकट्या माणसाला रोज दोन तरी कॉल यावेत असं वाटतं, हेही आहेच. ठेवायचं असेल तर आधी ३०-४० नंबर तुम्ही स्वतः बसून साठवा: दवाखाना, औषधवाला, शेजारी, पाण्याचा, गॅसचा. त्याशिवाय करू नका.

तारयंत्र

मी बंद करा म्हणेन, पण आईंना दवाखान्याचे कॉल नेहमी येत असतील तर आग्रह धरणार नाही.

साध्या बटणांच्या फोनबद्दल: देऊ नका. ओटीपी तिथेही येतो आणि तोंडाने सांगता येतो, `**21*` तिथेही चालतं. एपीके आणि स्क्रीन शेअर तेवढं जातं. त्या बदल्यात ज्या बाईला स्वतः बिलं भरता येतात, तिला तुम्ही शेजाऱ्यावर अवलंबून करता, आणि मग तिचा पिन शेजाऱ्याकडे असतो. बँकेच्या खर्चाच्या खात्यासाठी एखादा जुना टॅब वेगळा ठेवता आला तर मात्र छान. ॲप घरातल्या टॅबवर, ओटीपी फोनवर. एकच यंत्र ताब्यात घेऊन काम होत नाही. पण काही बँकांचं ॲप सिम ज्या फोनमध्ये आहे तिथेच चालतं, तेव्हा आधी बघून घ्या.

कोपऱ्यातला कंदील

समजा तरीही झालं. आईने मला फोन केला, "स्क्रीनवर अपडेट चालू आहे" म्हणाली. त्या क्षणी?

तारयंत्र

त्या फोनवर तिने काही बंद करत बसायचं नाही. बंद करायचं बटण दाबून धरायचं, स्क्रीन काळा होईपर्यंत. बऱ्याच फोनवर त्यासोबत आवाजाचंही बटण दाबावं लागतं, आणि काही फोन त्याने बंद न होता पुन्हा चालू होतात. तुमच्या आईच्या फोनवर कोणतं ते शनिवारी करून बघा आणि कागदाच्या मागच्या बाजूला लिहा. विमान-मोडवर भरवसा नको, नव्या फोनमध्ये वायफाय तसंच चालू राहू शकतं. फोन बंद झाला की तसाच राहू द्या आणि वायफायचा डबा बंद करा. पुढचं तुम्ही तुमच्या फोनवरून करायचं, म्हणून तिचा ग्राहक क्रमांक आणि बँकेचा तातडीचा नंबर तुमच्याकडे आधीच हवा. मागणी "सगळे ऑनलाइन व्यवहार आणि कार्ड थांबवा" अशी करा, तक्रार क्रमांक घ्या, वेळ लिहून ठेवा. बँक तुमच्याशी बोलायला तयार नसेल तर तिला लँडलाइनवर किंवा शेजारणीच्या फोनवर घेऊन तिघांनी बोला. लगेच सायबर तक्रार. पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात पटापट हलवले जातात, त्यामुळे इथे मिनिटं मोजली जातात.

फोन लगेच फॅक्टरी रीसेट करू नका. ती एपीके, तो संदेश, तो नंबर पुरावा आहे. सिम काढून, वायफाय बंद ठेवून फोन चालू करा, दुसऱ्या फोनने स्क्रीनचे फोटो काढा, मग रीसेट. ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. बाकी सगळ्या पासवर्डांची किल्ली तिथे असते.

आणि महिनाभरात आणखी एक कॉल येईल: "तुमचे गेलेले पैसे परत मिळाले आहेत, थोडी फी भरा." फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. हा दुसरा कॉल आईला आधीच सांगून ठेवा, कारण तेव्हा ती शरमलेली असते आणि तुम्हाला न सांगता पैसे परत मिळवायचा प्रयत्न करते.

अनुराधा_

हे शेवटचं मी सासऱ्यांना वाचून दाखवते. आयफोनवाल्यांना.

कोपऱ्यातला कंदील

सगळ्यांचे आभार. माझा क्रम असा ठरतोय: शुक्रवारी आईला फोनवर सगळं सांगून तिची परवानगी. शनिवारी सकाळी बँक उघडी असेपर्यंत सूचनेचा अर्ज, ठेवीवरच्या कर्जाचं विचारणं, आणि दुसऱ्या बँकेत खातं. दुपारी फोन. रविवारी कागद आणि तालीम, सांगून. साध्या कॉलचं आई ठरवेल.

एक राहिलंय. तिचं ईमेल कोणतं आहे तेच तिला आठवत नाही, फोन घेतला तेव्हा दुकानदाराने काढून दिलं होतं.

तारयंत्र

मग शनिवार दुपारची सुरुवात तिथूनच करा, बाकी सगळं त्यानंतर. `Settings` मध्ये `Google` शोधून उघडा, गूगल खात्याचा पत्ता तिथे दिसेल. आत `Security` मध्ये जाऊन खातं परत मिळवायचा नंबर आणि ईमेल कुणाचे आहेत ते बघा. दुकानदाराचा असेल तर काढा आणि तुमचा घाला. पासवर्ड बदला, आणि जोडलेल्या यंत्रांच्या यादीत आईच्या फोनखेरीज काही असेल तर तिथूनच बाहेर काढा.